पत्रात ‘दारू सोडा’ असं लिहू नकोस

प्रश्न : मी २६ वर्षांची, पुण्यात नोकरीला. पप्पा ५५ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. रोज रात्री त्यांची एक क्वार्टर ठरलेली. वर्षभरापासून सकाळी ड्युटीला जाण्याआधीही नाइंटी लागते, नाहीतर हात इतके थरथरतात की दाढी करता येत नाही. ते म्हणतात, बीपी आहे. यंदा श्रावण पाळायचा म्हणून बंद केली. तीन रात्री झोपले नाहीत, घामानं बनियन भिजायचं. चौथ्या पहाटे परड्यात माणसं उभी आहेत म्हणून आईला उठवलं आणि त्याच दिवशी परत सुरू केली. मनात असतं तर एक महिना निघाला नसता का? आईनं कुणाकडून तरी एक पुडी आणलीय, ती भाजीत घालू का विचारते. माझं लग्न ठरतंय. मी पप्पांना चार पानी पत्र लिहिलंय. त्यात माझी शपथ घातलीय आणि उद्यापासून एक थेंबही घ्यायचा नाही असं लिहिलंय. सोबत पाठवते. हे पत्र देऊ का?

उत्तर : पत्र दे, पण हे नको. आणि आईला आजच फोन करून सांग, पुडी भाजीत घालायची नाही. तिचं पुढे सविस्तर सांगते. आधी श्रावणाबद्दल बोलू, कारण तुझं सगळं पत्र त्या चार दिवसांच्या एका अर्थावर उभं आहे आणि तो अर्थच मला चुकीचा वाटतो.

तू त्या चार दिवसांकडे मनाचा कच्चेपणा म्हणून पाहिलंस. डॉक्टर त्याच चार दिवसांकडे धोक्याची घंटा म्हणून पाहतील. वर्षानुवर्षं रोज दारू पोटात जाते, तेव्हा ती मेंदूला सतत सुस्तावत असते. मेंदू गप्प बसत नाही, तो उलट बाजूनं जोर लावून जागा राहायला शिकतो. एखादं दार कुणी रोज बाहेरून रेटत असेल, तर आतला माणूस तेवढ्याच ताकदीनं आतून रेटत उभा राहतो. बाहेरचा एकदम बाजूला झाला की आतला तोंडावर आपटतो. दारू अचानक थांबली की तेच होतं. सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतात. नसलेली माणसं, किडे, आवाज दिसू-ऐकू येतात, दिवस-रात्र कळेनासे होतात, तापही चढतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर हे जिवावर बेतू शकतं.

परड्यातली माणसं म्हणजे हेच असण्याची शक्यता मोठी आहे. पप्पांनी त्या दिवशी परत बाटली उघडली. त्रास कशानं थांबतो हे त्यांच्या शरीराला ठाऊक होतं आणि त्यांच्यापाशी दुसरं औषध नव्हतं. सकाळच्या नाइंटीचंही तेच. ती चैनीसाठी नाही, रात्रीची उतरल्यावर थरथर थांबावी म्हणून घेतली जाते.

आता तुझ्या पत्रातलं ‘उद्यापासून एक थेंबही नको’ हे वाक्य पुन्हा वाच. समजा पत्रानं तुला हवं ते साधलं, पप्पा विरघळले, तुझ्या डोक्यावर हात ठेवून ‘बंद’ म्हणाले. तर आणखी तीन दिवसांनी घरात पुन्हा तीच पहाट येईल, आणि ती आधीपेक्षा वाईट असू शकेल. असं एकदम थांबणं जितक्या वेळा घडतं, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जाण्याचा धोका असतो. म्हणजे पत्राला मिळू शकणारं सगळ्यात गोड उत्तरच तुमच्या घरात सगळ्यात घातक आहे. त्यातून ते टिकलं नाही तर मुलीची शपथ मोडल्याची लाज वर. त्या लाजेनं माणूस दारू सोडत नाही, लपवायला लागतो. बाटली कपाटातून गाडीच्या डिकीत जाते, एवढाच फरक.

म्हणून पत्रातून मागायची गोष्ट बदल. दारू सोडा म्हणू नकोस, माझ्यासोबत डॉक्टरांकडे चला म्हण. पहिल्या मागणीत सगळा भार त्यांच्या इच्छाशक्तीवर पडतो. दुसरी मागणी एका सकाळची आहे. तिला हो म्हणणं त्यांना जमू शकतं.

थोडा हिशेबही बघ, डॉक्टर विचारतील तेव्हा उपयोगी पडेल. व्हिस्की किंवा रमची क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल. वजनात तो साधारण ६० ग्रॅम भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत दहा ग्रॅमचा एक ‘ड्रिंक’ धरतात. म्हणजे पप्पांची रात्रीची क्वार्टर सहा ड्रिंकची आणि सकाळची नाइंटी तीनची. ‘मी एकच घेतो’ असं ते म्हणतात तेव्हा खोटं बोलत नसतात, ते बाटल्या मोजत असतात. हा हिशेब पत्रात मात्र घालू नकोस. बापाला आकडे दाखवून वादात हरवता येतं, दवाखान्यात नेता येत नाही.

आता पुडी. अशा पुड्यांत काय असतं हे विकणारा सांगत नाही, आणि अनेकदा त्यात डायसल्फिरॅम असू शकतं. हे खरं औषध आहे, डॉक्टरही देतात. पण माणसाला नीट समजावून, त्याच्या संमतीनं, हृदय-यकृत तपासून आणि शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावर. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. पंचावन्नाव्या वर्षी, बीपी असल्याचं सांगणाऱ्या माणसाला हे नकळत देणं म्हणजे जेवणातून विष घालण्यासारखं आहे. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. आणि हे कधीतरी उघडकीला येतंच. मग पप्पा घरचं जेवण संशयानं बघतील, आणि तुझ्या पत्रातला शब्दन्‌शब्दही त्याच भाजीतला आहे असं त्यांना वाटेल. आईनं ती आधीच घातली असेल, तर कधी आणि किती हे डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. पुडीही सोबत न्यायची.

पत्र देण्याआधी दोन कामं आहेत. पहिलं, जायचं कुठे ते नक्की कर. श्रावणात भ्रम झाले असल्यानं ‘घरीच हळूहळू कमी करू’ हा मार्ग तुमच्यासाठी नाही. सुरुवातीचे दिवस रुग्णालयात दाखल होऊन काढावे लागतील, असं बहुतेक डॉक्टर सांगतील. तुमच्या भागात मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जिल्ह्यात खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. आधी तू एकटी जाऊन भेट. किती वर्षं घेतात, दिवसाला किती, शेवटची कधी घेतात, श्रावणात कोणत्या दिवशी काय झालं, पूर्वी कधी फिट आली का, बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे एका कागदावर लिहून ने. उपचाराचं साधारण स्वरूप असं असतं : पाच ते सात दिवस थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या, रोज मात्रा कमी करत, सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बहुधा इंजेक्शननं. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात ते फार कमी झालेलं असतं आणि त्याच्या कमतरतेनं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. या गोळ्यांची चिठ्ठी बघून दुकानातून आणून घरी देण्याचा उद्योग करू नका. त्या दारूसोबत पडल्या तर श्वास मंदावतो.

हे शरीराचं झालं. पुढे ओढ कमी करणाऱ्या गोळ्या, समुपदेशन, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र, हे पर्याय पप्पांशी बोलून ठरतात. १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणचा निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा असतो. केंद्र कोणतंही असो, ते नोंदणीकृत आहे का, रात्री डॉक्टर असतो का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारायचे. ‘आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो’ असं कुणी सांगितलं तर फोन ठेव. गावाकडचे लोक तुळशीची माळ घाला असंही सुचवतील. माळेनं पुढची वर्षं सावरलेली माणसं आहेत, तिला नाव ठेवायचं कारण नाही. फक्त पहिला आठवडा आधी डॉक्टरांच्या हाती द्यायचा आणि मग माळ. उपवासाच्या संकल्पानं काय झालं ते श्रावणात दिसलंच.

दुसरं काम आईसोबतचं. पप्पा उठू शकले नाहीत की टाइम ऑफिसला ‘ताप आलाय’ म्हणून फोन कोण करतं? वाइन शॉपची उधारी कोण भागवतं? आईच ना? तिनं हे प्रेमापोटी केलं, पण त्यामुळे दारूचा खर्च पप्पांपर्यंत पोचतच नाही. हा फोन आणि ही उधारी तिनं थांबवावी. आणि ज्या वेळी ते शुद्धीत असतात, म्हणजे सुट्टीच्या दिवशी दुपारी वगैरे, त्या वेळी त्यांच्याजवळ बसावं, जेवण एकत्र घ्यावं, जुना विषय काढू नये. भांडण रात्री आणि अबोला दिवसा, ही आपल्याकडच्या घरांची पद्धत उलटी करायची. हे मनाचं सांगत नाही. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराला नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या १३० नातेवाइकांना तीन वेगवेगळे मार्ग दिले होते. घरच्यांना असं वागायला शिकवलं, त्या गटातले ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीनं ३० टक्के आले. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्‌-अ‍ॅनॉन नावाचे आधारगट असतात, नातेवाइकांनी त्यांच्या मार्गानं स्वतःला सावरायचं, त्या गटात १३ टक्के. अर्थात अल्‌-अ‍ॅनॉनचा हेतूच पिणाऱ्याला उपचाराला आणण्याचा नाही, घरच्यांचा भार हलका करण्याचा आहे. तुझ्या आईला तोही लागेल.

एक अपवाद : पप्पा हात उगारत असतील तर हे सगळं बाजूला. आधी आईची सुरक्षितता.

आता तुझा मसुदा. चार पानांचं एक पान कर. थरथरत्या हातात चार पानं धरून कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. ‘तुमच्यामुळे आमचं आयुष्य बरबाद झालं’ हे काढ. त्या वाक्यापाशी माणूस वाचणं थांबवून मनातल्या मनात उत्तर द्यायला लागतो. त्याजागी तू डोळ्यांनी पाहिलेली एक घटना लिही. काकांची, शेजाऱ्यांची, कारखान्यातल्या कुणाची साक्ष काढली आहेस, ती सगळी काढ. पत्र तुझं आणि त्यांचं आहे, त्यात चावडी नको. ‘दारुडे’ हा शब्द दोनदा आला आहे, तो एकदाही नको. ‘सोडली नाहीत तर मी लग्नच करणार नाही’ हे तू पाळणार नाहीस, आणि पाळूही नयेस. न पाळायची धमकी पत्रात असली की बाकीच्या वाक्यांचाही भाव उतरतो. वजनकाट्याच्या पावतीची आठवण मात्र तिसऱ्या पानावर कुठेतरी दडून बसलीय, ती सगळ्यात वर आण.

मी ते पत्र असं लिहिलं असतं. शब्द तुझे कर.

> पप्पा,
>
> लहानपणी काट्यावर तुम्ही मला कडेवर घेऊन उभे राहिलात आणि आपल्या दोघांच्या वजनाची पावती मला दिलीत. ती अजून माझ्या पाकिटात आहे.
>
> श्रावणात तुम्ही बंद केलीत तेव्हा तीन रात्री तुम्हाला झोप नव्हती. चौथ्या पहाटे तुम्ही आईला उठवलंत. मला तेव्हा वाटलं, पप्पांच्या मनातच नाही. माझं चुकलं. आता मी विचारून आले आहे. रोजची सवय एकदम तोडली की शरीर असंच बिथरतं, आणि त्यावर औषध आहे.
>
> गणपतीत चहा देताना तुमच्या हातातला कप हिंदकळला. तुम्ही बीपी म्हणालात. मी काही बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.
>
> माझं एकच मागणं आहे. मंगळवारी सकाळी मिरजेला डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चला. ते मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, हे लपवत नाही. हात थरथरण्यावर आणि झोपेवर औषध तेच देतात. मी सोमवारी रात्री घरी येते. कदाचित ते काही दिवस दाखल व्हायला सांगतील. हंगाम सुरू व्हायला अजून वेळ आहे, रजा मिळेल. पुढचं तुम्ही आणि डॉक्टर मिळून ठरवा.
>
> तोपर्यंत एकदम बंद करू नका.
>
> तुमची

‘एकदम बंद करू नका’ लिहिताना तुझा हात अडखळेल. आईला तर हे वाक्य वाचून धक्काच बसेल, म्हणून तिला आधी समजाव. त्या चार-सहा दिवसांत बाटल्या मोरीत ओतायच्या नाहीत. वाढवून घेऊ नका एवढंच म्हणायचं, आणि गाडी चालवू द्यायची नाही. त्या वाक्याचा आणखी एक उपयोग आहे. लेक आपल्याशी लढायला आलेली नाही, हे त्यांना बहुधा तिथेच पहिल्यांदा कळेल.

पत्र हातानं लिही, अक्षर मोठं काढ, त्यांचा चष्मा जवळ असल्याची खात्री कर. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ते रात्री ग्लास समोर असताना वाचलं जाईल. सुट्टीच्या दिवशी न्याहारीनंतर, सकाळची थरथर बसल्यावर आणि रात्रीची दारू सुरू होण्याच्या बरीच आधी, त्यांच्या हातात दे. ‘सवडीनं वाचा’ म्हण आणि तिथून ऊठ. समोर बसून चेहरा वाचत राहिलीस तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल, आणि घाईत दिलेलं उत्तर नकाराचं असतं.

ते चिडले तर बाजू मांडू नकोस, ‘मंगळवारी मी आहे’ एवढंच बोल. गप्प राहिले तर तेही चालेल, सोमवारी ठरल्याप्रमाणे घरी जा. ‘बीपीच आहे’ म्हणाले तर वाद नको, ‘मग तेही तपासून घेऊ’ म्हण. डॉक्टर बीपी मोजतीलच, रक्तात यकृताच्या तपासण्याही करतील. अहवालातले आकडे बहुतेकांना लेकीच्या वाक्यांपेक्षा लवकर पटतात. कारखान्यात कळेल ही भीती असेल, तर उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यांना २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे, हे सांग. आणि ‘उद्यापासून बंद, डॉक्टर कशाला’ म्हणालेच, तर आनंदानं मान डोलावू नकोस. ‘बंद करायचीच आहे तर डॉक्टरांसमोर करू, श्रावणासारखी रात्र पुन्हा नको’ असं म्हण.

तरीही त्यांनी स्वतःहून थांबवलीच, तर चार दिवस घरात कुणीतरी जागं राहायला हवं. फिट आली, भलतंच बोलू लागले, ताप चढला, ओळख पटेना, तर १०८ ला फोन. फिटमध्ये कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं आणि फिट किती वेळ चालली ते घड्याळात बघायचं. रुग्णालयात पोचल्यावर ‘शेवटची दारू अमुक वाजता’ हे पहिलं वाक्य. लाजेपायी घरचे हेच सांगत नाहीत, आणि डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे लागतात.

मंगळवारी ते आले नाहीत, तर तू आणि आई जा. वेळ रद्द करू नकोस. घरच्यांशी बोलणं हाही डॉक्टरांच्या कामाचा भाग असतो. जाता येणार नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, शुल्क लागत नाही. संध्याकाळी पप्पांनी ‘काय म्हणाले डॉक्टर’ असं विचारलं, तर तेवढंच सांग आणि पुढच्या भेटीची तारीख सांग. दुसरं पत्र लगेच लिहू नकोस. पहिलं त्यांनी बहुतेक शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेलं असेल.